समुद्रातले मासे सार्वजनिक वस्तू का नाहीत?

ओंजळ
मुलीच्या अर्थशास्त्राच्या चाचणीत प्रश्न होता: 'खोल समुद्रातले मासे ही कोणत्या प्रकारची वस्तू आहे? कारण द्या.' तिने लिहिलं, 'समुद्रात कुणालाही जाळं टाकता येतं, कुणाला अडवता येत नाही, म्हणून सार्वजनिक वस्तू. उदाहरणार्थ दीपस्तंभ.' शून्य गुण. शेजारी बाईंनी लाल शाईत एवढंच लिहिलंय: 'वापरल्यावर संपते का?'

काल रात्रभर ती माझ्याशी भांडत होती. तिचं म्हणणं असं की दीपस्तंभाचा उजेड फुकट घेणारा आणि समुद्रातला मासा फुकट उचलणारा, दोघंही फुकटेच. दोघांनाही अडवता येत नाही. मग रकाने वेगळे कशासाठी? मला उत्तर देता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिचं पटतंय. हा फरक नुसता परीक्षेपुरता आहे की त्याने खरंच काही बदलतं?

निवांत
वाचनखूण ठेवतो. प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

शिस्तप्रिय
सार्वजनिक वस्तू म्हणजे सरकार जनतेसाठी पुरवतं ती. बस, दवाखाना, शाळा. मासे सरकारने समुद्रात सोडलेले नाहीत, म्हणून ते सार्वजनिक नाहीत. मुलीला एवढं सांगा, विषय संपला.

पाटीपेन्सिल
शिस्तप्रिय, हा घोटाळा फार जणांचा होतो, कारण रोजच्या बोलण्यात 'सार्वजनिक'चा अर्थ आपण तसाच घेतो. पण इथे वस्तू कोण पुरवतं याला महत्त्व नाही, ती कशी वापरली जाते याला आहे. बस सरकारी असली तरी त्या सीटवर मी बसले की तुम्ही उभे. आणि तिकिटाशिवाय वाहक चढू देत नाही. म्हणजे बसमधली जागा या हिशेबात सरळ खासगी वस्तू ठरते, मग मालक कुणीही असो.

ओंजळ, तुमच्या मुलीने एक प्रश्न विचारला आणि दुसरा सोडला. 'अडवता येतं का' हा पहिला. 'मी घेतल्याने तुझं कमी होतं का' हा दुसरा. दीपस्तंभाजवळून एक जहाज जावो नाहीतर पन्नास, उजेड तेवढाच. मासा मात्र मी पकडला की तुमच्या जाळ्यात यायचा नाही.

यामुळे रोगच वेगळा होतो. लहानपणी ऐकलेली दुधाच्या हौदाची गोष्ट आठवा. प्रत्येकाने रात्री तांब्याभर दूध आणून ओतायचं, प्रत्येकाला वाटलं की एवढ्या दुधात माझं तांब्याभर पाणी कुणाला कळतंय, आणि सकाळी हौद पाण्याने भरलेला. ही दीपस्तंभाची अडचण: कुणी हातभारच लावत नाही, त्यामुळे वस्तू उभीच राहत नाही. माशांचं उलटं. ते आधीपासून आहेत, कुणाला काही ओतायचंच नाही. तिथे अडचण उपशाची. एकीकडे हौद भरत नाही, दुसरीकडे विहीर आटते.

गलबत
थोडं अवांतर, पण उदाहरण दीपस्तंभाचं निघालंय म्हणून. ब्रिटनमध्ये दीपस्तंभासाठी जहाजांकडून पैसे घेतले जात, आजही घेतात. उजेड अडवता येत नसला तरी बंदर अडवता येतं. जहाज बंदराला लागलं की त्याच्या आकारावरून आकारणी व्हायची. कोझ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७४ साली हे दाखवून दिलं, तोवर पुस्तकांत दीपस्तंभ म्हणजे पैसे वसूल करणं अशक्य असल्याचा नमुना होता. बंदराला न लागता नुसतं जवळून जाणारं जहाज सुटायचं, आणि वसुलीचा हक्क मुळात राजसत्तेने दिलेला असायचा, त्यामुळे याला खासगी धंदा म्हणायचं का यावर अजून वाद चालतो. पण 'अडवता येत नाही' हा वस्तूचा जन्मजात गुण नसतो, हे मला त्यातून कळलं. बंदर कुठे आहे आणि वसुली कोण करतं, यावर ते ठरतं.

चौकट
चार रकाने आहेत हो, पाठ करून टाका. अडवता येतं आणि संपतं: खासगी. अडवता येत नाही आणि संपत नाही: सार्वजनिक. अडवता येतं पण संपत नाही: क्लबची वस्तू, जसं पासवर्ड लावलेलं वाचनालय. अडवता येत नाही पण संपतं: सामाईक साधन, म्हणजे मासे, गायरान, भूजल. पेपरात एवढं पुरतं.

आणि शेवटच्या रकान्याचं काय होतं ते गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ च्या निबंधातच सांगून ठेवलंय. गायरान सगळ्यांचं असलं की प्रत्येक जण एक गाय वाढवतो आणि गायरान उजाड होतं. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. उपाय दोनच: तुकडे करून मालकी द्या, नाहीतर सरकारी दंडुका.

भिंगरी
चौकट, मला एक कळत नाही. मासे कमी होताहेत हे मच्छीमाराला सगळ्यात आधी दिसत असणार. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगणारा माणूस स्वतःच्या पोटावर पाय का आणेल? 'लोभ' हे उत्तर मला चालणार नाही, लोभी माणूसही उद्याचा विचार करतो.

दर्यावर्दी
भिंगरी, चांगलं विचारलंत. मी बरीच वर्षं माशांच्या साठ्याचे अंदाज बांधणाऱ्या गटात काम केलं, त्यामुळे राहवत नाही. लोभ बाजूला ठेवू. साधं गणित करू, आकडे सोयीसाठी घेतलेत.

एक खाडी धरा. एकच होडी गेली तर दिवसाला ११० किलो मासे मिळतात. दुसरी आली की प्रत्येकीला १००, तिसरी आली की ९०. प्रत्येक नव्या होडीमागे सगळ्यांचे १० किलो कमी होतात, कारण मासे तेच आणि जाळी जास्त. होडीचा दिवसाचा खर्च, डिझेल आणि मजुरी धरून, २० किलो माशांएवढा.

पाच होड्या असताना प्रत्येकीला ७० किलो मिळतात, खर्च वजा जाता ५०. पाचांचे मिळून २५०. आता सहावा माणूस किनाऱ्यावर उभा राहून हिशेब करतोय. तो उतरला तर त्याला ६० मिळतील, खर्च जाता ४०. घरी बसून शून्य, त्यापेक्षा ४० बरे. तो उतरतो. पण आधीच्या पाचांचे प्रत्येकी १० किलो गेले, म्हणजे एकूण ५०. त्याने ४० कमावले आणि पाच जणांचे मिळून ५० घालवले. खाडीची निव्वळ कमाई २५० वरून २४० वर आली. त्याच्या वहीत मात्र ४० जमा आहेत आणि ते ५० कुणाच्याच वहीत एकत्र लिहिलेले नाहीत.

सातवा, आठवा, नववा असाच विचार करतो. नऊ होड्यांवर प्रत्येकाच्या हाती १० किलो उरतात. दहावी आली की २० मिळतात, २० खर्च होतात, हाती शून्य. तिथे गर्दी थांबते. दहा माणसं दिवसभर राबतात आणि सगळ्यांची मिळून कमाई शून्य. यात एकाचाही हिशेब चुकलेला नाही, मूर्ख कुणी नाही, दुष्टही नाही.

आणि हे एका दिवसाचं गणित झालं. यात पुढच्या वर्षीची पिलं धरलेलीच नाहीत. आज मी अंड्यावरची मादी सोडून दिली, तर ती माझ्यासाठी उद्यापर्यंत थांबत नाही, शेजारच्या जाळ्यात जाते. तुम्ही म्हणता त्या उद्याचा विचार मच्छीमार करतोच, पण तो उद्या त्याच्या एकट्याच्या हातात नसतो.

भिंगरी
हे '५० कुणाच्याच वहीत नाहीत' फार नीट कळलं. धन्यवाद.

तळमजला
आमच्या इमारतीत हेच चाललंय! चौदा घरं, पाण्याची टाकी एक, बिल एकच येतं आणि चौदाने भागतं. एका कुटुंबाने गच्चीत झाडांचं जंगल केलंय, रोज तासभर पाइप सोडून ठेवतात. बोलायला गेलं की 'आम्ही बिलाचा वाटा भरतो ना?' दर उन्हाळ्यात टाकी संध्याकाळी कोरडी पडते. मी आता ठरवलंय की आपणही मागे राहायचं नाही, सकाळी उठल्या उठल्या सगळी पिंपं भरून ठेवतो. फुकट्यांच्या राज्यात आपणच का शहाणपण दाखवायचं?

पाटीपेन्सिल
तळमजला, राग समजतो. पण दर्यावर्दींच्या खाडीतला सहावा मच्छीमार सकाळी पिंपं भरतोय असं वाटलं मला. तुम्ही एक बादली जास्त वापरली तर बिलात तुमच्या वाट्याला बादलीचा चौदावा भाग येतो, तेरा भाग बाकीच्यांवर. गच्चीवाल्यांचा हिशेबही हुबेहूब तोच आहे.

तळमजला
म्हणजे मी पिंपं रिकामी ठेवू आणि संध्याकाळी पोरांना काय सांगू?

पाटीपेन्सिल
नाही नाही, रिकामी ठेवा असं मी म्हणणारच नाही. एकट्याने थांबून काही होत नाही, तेच तर दुखणं आहे. तुमचा वाचलेला हंडा गच्चीत जाईल.

भिंगरी
मग उपाय सोपा वाटतो. अडवता येत नाही म्हणून भानगड आहे ना? अडवायची सोय करा. देशांनी किनाऱ्यापासून २०० सागरी मैल आपले म्हणून जाहीर केलेच आहेत. परके बाहेर, प्रश्न मिटला.

दर्यावर्दी
असंच वाटलं होतं लोकांना. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची हकिगत सांगतो, थोडी लांबेल.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याबाहेर हा मासा जवळपास पाचशे वर्षं पकडला जात होता. १९५० नंतर प्रचंड ट्रॉलर आले, बोटीवरच मासा साफ करून गोठवणारे, अनेक देशांचे. १९६८ मध्ये एका वर्षात ८ लाख टनांच्या आसपास 'नॉर्दर्न कॉड' उपसला गेला. दहा वर्षांत तो आकडा दीड लाखाच्या खाली आला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० मैलांची हद्द लागू केली. परके ट्रॉलर बहुतेक बाहेर गेले. ग्रँड बँक्स या उथळ समुद्राची दोन टोकं हद्दीबाहेर राहिली, तिथे ते मासेमारी करत राहिले, पण मोठा भाग कॅनडाच्या हाती आला.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका दिवसात बदललं. अडवता येत नव्हतं, आता येऊ लागलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं तिथेच राहिलं. आतल्या लोकांनी पकडलेला मासाही संपतोच. परके गेले म्हणून आनंदात देशी ट्रॉलर वाढले, कारखाने वाढले, कर्जं निघाली. बाहेरच्यांसाठी कुंपण घातलं आणि आतल्यांची शर्यत चालूच राहिली. एकूण किती पकडायचं याची मर्यादा दरवर्षी ठरत होती, नाही असं नाही. पण ती साठ्याच्या अंदाजावरून ठरायची, आणि अंदाजच चुकत होता.

तो का चुकला, हे आमच्या धंद्यात प्रत्येक नव्या माणसाला शिकवतात. साठा मोजताना एक मोठा आधार असतो तो म्हणजे ट्रॉलरला तासाभरात किती मासा लागतो. तो आकडा चांगला होता, म्हणून साठाही चांगला धरला. पण कॉड हिवाळ्यात आणि अंडी घालायच्या वेळी दाट थवे करून राहतो. एकूण मासे कमी झाले तरी उरलेले एकत्रच राहतात. ट्रॉलर सोनारवर थवा शोधतो, बरोबर त्याच्यावर जातो आणि जाळं भरून आणतो. दहा थव्यांचे तीन झाले तरी जाळं भरतंच. तासाचा आकडा शेवटपर्यंत झकास.

किनाऱ्यावरचा छोटा मच्छीमार वेगळं सांगत होता. त्याचं जाळं पेटीसारखं, एका जागी रोवलेलं. ते माशामागे जात नाही, मासा येईल तेव्हा येईल. त्याला ऐंशीच्या दशकातच दिसत होतं की मासा कमी येतोय आणि आकाराने लहान येतोय. जाळं एका जागी असल्यामुळेच त्याचं मोजमाप खरं होतं. पण त्याच्याकडे नोंदींचे तक्ते नव्हते आणि मासा काही वर्षं किनाऱ्याकडे येतच नाही असंही होतं, म्हणून त्याचं म्हणणं मागे पडलं.

१९८९ च्या हंगामासाठी शास्त्रज्ञांचा नवा हिशेब आला: १ लाख २५ हजार टनांच्या वर जाऊ नका. मंत्र्यांनी २ लाख ३५ हजार ठरवले. एवढी कपात केली तर गावंच्या गावं बसतील, हे कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. २ जुलै १९९२ ला मासेमारी पूर्ण बंद करावी लागली. ३० हजारांच्या आसपास लोकांचं काम एका घोषणेने गेलं. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून लावली होती.

निवांत
किती वर्षं चालली?

दर्यावर्दी
बत्तीस. २०२४ च्या जूनमध्ये उठवली, आणि त्या वर्षीचा कोटा १८ हजार टन ठेवला. वर १९६८ चा आकडा दिलाय तो शेजारी ठेवून बघा.

चौकट
हे तर माझ्याच बाजूने झालं. आतल्यांना प्रत्येकाचा कायमचा हिस्सा वाटून दिला असता तर शर्यत झाली नसती. आइसलँडने तेच केलं, प्रत्येक बोटीला एकूण कोट्याचा ठरावीक भाग, तो विकताही येतो. ज्याचा हिस्सा आहे तो साठा वाढावा म्हणून धडपडेल.

दर्यावर्दी
शर्यत थांबते हे मान्य. आपला हिस्सा कुठे पळून जात नाही म्हटल्यावर वादळात बोट काढायची घाई राहत नाही. पण न्यूफाउंडलंडमध्ये मोठ्या कंपन्यांना ऐंशीच्या दशकातच असे हिस्से दिलेले होते. हिस्सा चुकीच्या बेरजेचा असेल तर सगळे मिळून शिस्तीत साठा संपवतात. शिवाय पहिल्या दिवशी हिस्से कुणाला द्यायचे? ज्याने आजवर जास्त ओरबाडलं त्याला इतिहासाच्या जोरावर जास्त मिळतं, आणि छोटा माणूस अडचणीत हिस्सा विकून किनाऱ्यावर बसतो. यावर आमच्या गटातही कधी एकमत झालं नाही.

गलबत
कॉडच्या बाबतीत सगळा दोष उपशावर टाकणं मला पूर्ण पटत नाही. नव्वदच्या सुरुवातीला तिथलं पाणी नेहमीपेक्षा बरंच थंड झालं होतं आणि कॉड ज्या लहान कॅपलिन माशावर जगतो तोही कोलमडला. बंदीनंतर इतकी वर्षं साठा भरून आला नाही, त्याचं उत्तर एकट्या ट्रॉलरांत मिळत नाही.

दर्यावर्दी
थंड पाण्याचा वाटा होता, तो किती यावर अजून भांडणं आहेत. माझं मत एवढंच की साठा भरलेला असता तर त्याने चार वाईट वर्षं काढली असती.

कुरण
उशिरा आले. चौकट यांनी 'उपाय दोनच' म्हटलंय त्यावर लिहायचं होतं. हार्डिन यांनीच १९९८ मध्ये मान्य केलं की आपल्या निबंधात एक विशेषण राहून गेलं: 'व्यवस्था नसलेलं' गायरान. कुणाचंच नसलेलं आणि सगळ्यांचं मिळून असलेलं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी लोकांनी मिळून सांभाळलेल्या अशा साधनांची जगभरची उदाहरणं गोळा केली, त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातलं स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावाचं मला फार आवडतं. डोंगरावरचं कुरण गावाच्या मालकीचं. १५१७ पासूनचा नियम: हिवाळ्यात जितक्या गाई तू स्वतःच्या चाऱ्यावर पोसू शकतोस, तितक्याच उन्हाळ्यात वर पाठवायच्या. मालकीचे तुकडे नाहीत आणि बाहेरून आलेला दंडुकाही नाही.

हा नियम का टिकला ते बघा. 'कुरण जपून वापरा' असा तो नाही, तसं कुणी मोजणार कसं? हिवाळ्यात गोठ्यात किती गाई उभ्या आहेत ते मात्र सगळ्या गावाला दिसतं. उन्हाळ्यापुरत्या चार गाई विकत आणून कुरणावर सोडायची वाटच बंद. शिवाय नियमापेक्षा जास्त गाई सोडणाऱ्याला दंड करायला गावाने माणूस नेमलेला, आणि दंडातली निम्मी रक्कम त्याची स्वतःची.

भिंगरी
तळे राखी तो पाणी चाखी! शाळेत ही म्हण आम्ही वाईट अर्थाने शिकलो, इथे ती कामाला लावलीय.

कुरण
अगदी. आणि ती निम्मी रक्कम उगाच नाही. शेजाऱ्याला पकडून देणं हे वाईटपणाचं काम आहे. त्याचा फायदा सगळ्या गावाला आणि त्रास एकट्याला. म्हणून प्रत्येकाला वाटतं दुसऱ्या कुणीतरी पकडावं.

पाटीपेन्सिल
कुरण, थांबा, तुमच्या या वाक्यात ओंजळच्या मुलीचं उत्तर आहे!

राखणीकडे बघा. राखण नीट झाली की कुरण सगळ्यांसाठी टिकतं. राखणीचा पैसा न देणाऱ्याच्या गाईसाठी ते वेगळं वाळत नाही, आणि एकाला फायदा झाला म्हणून दुसऱ्याचा घटत नाही. म्हणजे कुरणातलं गवत सामाईक साधन, पण कुरणाची राखण सार्वजनिक वस्तू. मासा संपणारा, पण माशांच्या साठ्याची खरी मोजणी, नियम ठरवायच्या बैठका, चोरट्या बोटीवर नजर ठेवणं, हे सगळं दीपस्तंभाच्या रकान्यातलं. म्हणूनच ते मुळात होतच नाही, झालं तर अपुरं होतं.

तिला दोन्हीकडे फुकटा दिसला ना? बरोबर दिसला. फक्त मासा उचलणारा आणि राखणीतून अंग काढून घेणारा, हे एकाच समुद्रावरचे दोन वेगळे फुकटे आहेत. पहिल्याने घेतलं की साठा घटतो. दुसऱ्याने काही दिलं नाही म्हणून राखण उभीच राहत नाही.

चौकट
हे मी रकान्यांत कधी बसवून पाहिलं नव्हतं. 'उपाय दोनच' मागे घेतो. पण टॉर्बेल लहान गाव, सगळे एकमेकांना ओळखणारे. खोल समुद्रात कोण कुणाच्या गोठ्यात डोकावणार? तिथे माझा आग्रह हिश्शांचाच राहील.

कुरण
हा मुद्दा खरा आहे. जिथे माणसं एकमेकांना दिसत नाहीत तिथे हे कितपत ताणता येईल, मलाही ठामपणे सांगता येत नाही.

शिस्तप्रिय
म्हणजे सरकारने पुरवलं की सार्वजनिक हे माझं चूक, पण राखण बहुतेक वेळा सरकारला का करावी लागते ते आता कळलं. असं म्हणू का?

पाटीपेन्सिल
म्हणा की. 'बहुतेक वेळा' तेवढं जपून.

तळमजला
परत आलो. परवा इमारतीच्या बैठकीत टाकीच्या मुख्य नळाखेरीज प्रत्येक घराच्या जोडणीवर मीटर लावायचा विषय काढला. अकरा घरं तयार झाली. पण जुन्या नळजोडणीमुळे तीन घरांना दोन-दोन पाइप येतात, त्यांना दोन मीटर लागतील आणि खर्च कोण करणार यावर गाडी अडली. प्लंबर बोलावणं, दरपत्रकं आणणं, महिन्याला आकडे वाचून वहीत लिहिणं, हे कोण करणार यावर तर सगळे छताकडे बघायला लागले. तेव्हा वरचा प्रतिसाद आठवला आणि मी सांगून टाकलं, वाचन मी करतो, पण माझा देखभालीचा वर्गणीतला वाटा निम्मा करा. टॉर्बेलवाल्याला निम्मा दंड मिळतो, मला निम्मी वर्गणी. दहा जणांनी हात वर केले. गच्चीवाल्यांनी नाही केला, पण त्यांनी विरोधही केला नाही.

कुरण
छान! एक सुचवू? वाचलेले आकडे सगळ्यांना दिसतील असे जिन्यात लावा. तुमच्या वाचनावरही कुणाची तरी नजर हवी.

तळमजला
हे आमच्या घरातूनही आत्ताच सुचवण्यात आलं. लावतो.

ओंजळ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. होड्यांचं गणित तिने स्वतः वहीत करून बघितलं आणि म्हणाली, सहाव्या होडीकडून खाडीत उतरायचे रोज ४० किलोंपेक्षा थोडं जास्त घेतले तर तो उतरणारच नाही. मी तपासलं, बरोबर आहे. पाचव्याला मात्र तेवढे देऊनही थोडं उरतं.

शून्य गुण तिला आता मान्य आहेत. पण तिचा नवा प्रश्न आहे, दर्यावर्दींसाठी: २०२४ ला बंदी उठवताना साठा पुरेसा वाढलाय हे कशावरून ठरवलं? परत ट्रॉलरच्या तासावरून?

दर्यावर्दी
लेकीला शाबासकी सांगा. एकच दुरुस्ती: ती रक्कम एकट्या सहाव्याकडून घेता येत नाही, पाचही जणांकडून घ्यावी लागते, कारण किनाऱ्यावर कोण कितवा हे कुणीच ठरवू शकत नाही. आणि मग ते जमा झालेले मासे कुणाचे, हा पुढचा वाद.

तिच्या प्रश्नाचं उत्तर: आता मुख्य आधार संशोधन बोटींच्या पाहणीचा असतो. त्या थव्यामागे जात नाहीत. नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारख्या जागा निवडतात आणि तिथे मासा असो वा नसो, ठरलेला वेळच जाळं ओढतात. रिकामं आलेलं जाळंही नोंदवतात. पेटीच्या जाळ्यासारखंच, मासा आहे तिथे धावत जायचं नाही. तरीही २०२४ च्या निर्णयावर टीका झाली. साठा अजून भरलेला नाही, घाई केली असं म्हणणारे बरेच आहेत, मीही त्यातलाच. तिला म्हणावं, पुढच्या दहा वर्षांचे आकडे बघत राहा.